लेखकांची यादी पेपर पाठवायच्या रात्री ठरवू नका: रुग्णालयांच्या संशोधन समित्यांना आणि विभागप्रमुखांना खुले पत्र

संशोधन समितीचे सन्माननीय सदस्य आणि सर्व विभागप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मी रुग्णालयात संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करते. सगळ्याच विभागांचे पेपर कधी ना कधी माझ्या टेबलावर येतात. कुणाला अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे ते काढून हवं असतं, तर कुणाला जर्नलने मागितलेला एक तक्ता उद्या सकाळपर्यंत हवा असतो. त्यामुळे एकाच विभागात राहणाऱ्याला सहसा दिसत नाही अशी एक गोष्ट मला दिसते. प्रत्येक पेपरच्या दोन याद्या असतात. एक, काम कुणी केलं त्याची आणि दुसरी, नावं कुणाची आणि कोणत्या क्रमाने छापली त्याची. या दोन्ही याद्या जुळलेल्या मी फार कमी वेळा पाहिल्या आहेत.

पत्र तुम्हालाच का, हे आधी सांगते. लेखकांवरून वाद झाला की लोकांना वाटतं, जर्नलकडे दाद मागता येईल. तशी ती मागता येत नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, स्पष्ट म्हणते की कोण लेखक ठरतो हे तपासणं किंवा लेखकांमधला तंटा सोडवणं हे संपादकाचं काम नाही. आपसात एकमत झालं नाही, तर जिथे काम झालं त्या संस्थेने चौकशी करावी. म्हणजे प्रश्न फिरून तुमच्याच दारात येतो. आणि तुमच्याकडे एथिक्सच्या परवानगीसाठी फॉर्म असतो, निधीसाठी असतो, रुग्णाच्या संमतीसाठी असतो, पण लेखक ठरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी एक कागदसुद्धा नसतो.

एक प्रकरण सविस्तर सांगते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. कामाचा आणि वादाचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

खुब्याचं हाड मोडून आलेल्या वृद्ध रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर अनेकदा डिलिरियम होतो, म्हणजे माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागतो, लक्ष एका जागी राहत नाही, दिवसभरात अवस्था वरखाली होत राहते. भूलशास्त्राच्या एका रेसिडेंटला प्रश्न पडला: रुग्ण इमर्जन्सीत येताक्षणीच जांघेजवळ नर्व्ह ब्लॉक देऊन वेदना थांबवली, तर पुढे डिलिरियम कमी होईल का? त्याने प्रोटोकॉल लिहिला, एथिक्स कमिटीच्या दोन फेऱ्या केल्या, वॉर्डात भरायचा फॉर्म तयार केला आणि पहिले चार महिने स्वतः रुग्ण नोंदवले. मग त्याचं प्रशिक्षण संपलं आणि तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला. पुढचं वर्षभर काम अस्थिरोग विभागातल्या एका रेसिडेंटने चालवलं. बहुतेक रुग्ण तिने नोंदवले आणि पहिला मसुदा तिने लिहिला.

डिलिरियम आहे की नाही हे दिवसातून दोनदा तपासायचं काम वॉर्डातल्या सिस्टरांकडे होतं. त्यासाठी कन्फ्यूजन असेसमेंट मेथड नावाची ठरलेली पद्धत आहे. अचानक झालेला आणि चढउतार असणारा बदल, आणि लक्ष न लागणं, या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. शिवाय विस्कळीत विचार किंवा शुद्धीत फरक, यांपैकी एक तरी. लक्ष लागतं का ते पाहायला रुग्णाला महिने उलट्या क्रमाने म्हणायला सांगता येतात. वॉर्डाच्या मुख्य सिस्टरने सगळ्या पाळ्यांतल्या सिस्टरांना हे शिकवलं.

दोन महिन्यांनी तीच फॉर्मचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. तिने रात्रीच्या नोंदींवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. म्हणाली, "मॅडम, रात्री झोपलेल्या पेशंटपुढे सगळ्या जणी 'नाही' लिहितायत. झोपलेल्याला तपासलंच नाही, तर 'नाही' कसं लिहायचं?" मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. ज्यांना ब्लॉक मिळाला होता त्यांना दुखत नव्हतं, म्हणून ते रात्री जास्त झोपत होते. शिवाय डिलिरियमचा एक शांत प्रकार असतो, त्यात रुग्ण आरडाओरडा करत नाही, नुसता गप्प पडून राहतो. तो तर अशा नोंदीत हमखास निसटतो.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फॉर्ममधलं 'नाही' माझ्या फाइलमध्ये शून्य म्हणून चढत होतं. म्हणजे ब्लॉक मिळालेल्या गटात न तपासलेले रुग्ण जास्त, आणि ते सगळे निरोगी धरले जात होते. ब्लॉकने डिलिरियम कमी होवो न होवो, आमच्या आकड्यांत तो कमी दिसणारच होता. सिस्टरने फॉर्मवर 'तपासता आलं नाही' असा तिसरा रकाना घालायला लावला, पुढच्या रुग्णांसाठी झोपेतून उठल्यावर तासाभरात तपासायचा नियम केला आणि आधीच्या नोंदी नर्सिंगच्या वहीशी ताडून दुरुस्त केल्या. शेवटी गणित मांडलं तेव्हा दोन गटांतला फरक पहिल्या अंदाजाच्या जवळजवळ निम्म्यावर आला.

पेपर जर्नलकडे गेला तेव्हा त्यावर नऊ नावं होती. पहिलं नाव अस्थिरोगाच्या रेसिडेंटचं, दुसरं तिच्या गाइडचं, तिसरं आणि चौथं शस्त्रक्रिया करणाऱ्या दोन सर्जनांचं, पाचवं माझं, सहावं भूलशास्त्रातल्या गाइडचं, सातवं ज्याने प्रश्न शोधला त्या रेसिडेंटचं, आठवं भूलशास्त्राच्या विभागप्रमुखांचं आणि शेवटचं अस्थिरोगाच्या विभागप्रमुखांचं. सिस्टरचं नाव नव्हतं. पेपरच्या अखेरीस एक ओळ होती: "वॉर्डातील नर्सिंग स्टाफचे आभार."

ही यादी कुणी वाईट हेतूने केलेली नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. रात्री साडेअकराला रेसिडेंट जर्नलच्या वेबसाइटवर फॉर्म भरत होती. लेखकांची नावं आणि ईमेल टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. तिने गाइडना फोन केला, त्यांनी सुचेल तशी नावं सांगितली, तिने ती टाइप केली. दीड वर्षाच्या कामाचा क्रम दहा मिनिटांच्या फोनवर ठरला. दुसऱ्या दिवशी जर्नलकडून सगळ्यांना आपोआप ईमेल गेले की आपलं नाव या पेपरवर लेखक म्हणून आहे, खात्री करा. सर्जनांपैकी एकाने रेसिडेंटला विचारलं, "हा कुठला पेपर?" असा प्रश्न ज्या पेपरवर येतो, त्याची यादी चुकलेली आहे हे तेवढ्यावरून समजावं.

दोन महिन्यांनी रिव्ह्यूअरचे शेरे आले. पहिलाच प्रश्न होता: रात्री झोपलेल्या रुग्णांचं मूल्यमापन कसं केलं, आणि त्याने निष्कर्ष एका बाजूला झुकला नाही कशावरून? नऊ लेखकांपैकी याचं पूर्ण उत्तर एकालाही देता येईना. मला आकड्यांची बाजू माहीत होती, पण वॉर्डात पहाटे नेमकं काय होत होतं, कोणत्या पाळीत नियम पाळला गेला आणि कोणत्या पाळीत राहून गेला, हे मला सांगता येत नव्हतं. आम्ही सिस्टरला बोलावलं. तिने वही उघडली आणि अर्ध्या तासात सगळं सांगितलं. ते उत्तर आम्ही आमच्या नावाने पाठवणार होतो.

इथे मी थांबले. आयसीएमजेईच्या चार अटी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेल्या आहेत. कल्पना किंवा आराखडा, किंवा डेटा गोळा करणं, त्याचं विश्लेषण वा अर्थ लावणं, यांत भरीव वाटा हवा; मसुदा लिहिण्यात किंवा त्याची गंभीरपणे चिकित्सा करण्यात भाग हवा; अंतिम मसुद्याला मान्यता हवी; आणि कामाच्या कोणत्याही भागाबद्दल प्रश्न आला तर उत्तरदायी राहण्याची तयारी हवी. ही चौथी अट २०१३ साली जोडली गेली. चारही अटी पुऱ्या झाल्या तरच लेखक. आमच्याकडे उत्तर देऊ शकणारी व्यक्ती आभाराच्या ओळीत होती, तेही बिननावाने. आणि ज्यांना पेपर कुठला हेच आठवत नव्हतं ते तिसऱ्या-चौथ्या जागी होते.

मी हे बोलले तेव्हा गाइडचं उत्तर होतं, "पण सिस्टरने पेपर लिहिलेला नाही. दुसरी अट पुरी होत नाही."

या एका वाक्यासाठी मी हे सगळं पत्र लिहीत आहे, कारण हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. सिस्टरांबद्दल ऐकलं आहे, बदली होऊन गेलेल्या रेसिडेंटबद्दल ऐकलं आहे, लॅबच्या तंत्रज्ञांबद्दल ऐकलं आहे, स्वतःबद्दलही ऐकलं आहे. वरवर ते नियमाला धरून वाटतं. पण सिस्टरने मसुदा वाचला नाही कारण तिला तो कुणी पाठवलाच नाही. मसुदा ज्याच्या हातात असतो तोच ठरवतो की दुसरी अट पुरी करायची संधी कुणाला मिळेल. म्हणजे आधी दार लावून घ्यायचं आणि मग म्हणायचं की तू आत आली नाहीस. आयसीएमजेईला हा धोका माहीत आहे. त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये, चार अटींच्या लगेच खाली, लिहिलेलं आहे की दुसरी किंवा तिसरी अट पुरी करण्याची संधी नाकारून एखाद्या सहकाऱ्याला लेखकपदापासून दूर ठेवण्यासाठी या अटी वापरू नयेत. पहिली अट जे पुरी करतात त्या सगळ्यांना मसुदा लिहिण्यात, तपासण्यात आणि मंजूर करण्यात भाग घेण्याची संधी मिळाली पाहिजे. चार अटी भिंतीवर लावणाऱ्या विभागांनी त्याखालचा हा परिच्छेदही लावावा.

आम्ही सिस्टरला मसुदा दिला. तिला इंग्रजीत लिहायचा संकोच होता, म्हणून तिने समासात मराठीत शेरे लिहिले. त्यातला एक असा: 'प्रशिक्षित परिचारिकांनी दिवसातून दोनदा तपासणी केली' हे वाक्य खोटं आहे, पहिल्या दोन महिन्यांत रात्रपाळीच्या दोघींचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. ते वाक्य बदललं, मर्यादांच्या परिच्छेदात दोन ओळी वाढल्या. मसुद्याची गंभीर चिकित्सा याहून वेगळी काय असते?

आता क्रमाबद्दल. अटी फक्त लेखक कोण ते सांगतात. क्रम कसा लावायचा हे आयसीएमजेई लेखकांच्या सामूहिक निर्णयावर सोडते. वैद्यकीय क्षेत्रात रूढ अर्थ असा की पहिल्याने सर्वांत जास्त काम पेललं, शेवटच्याने दिशा दिली आणि जबाबदारी घेतली, मधले उतरत्या क्रमाने. हा अर्थ कुठे बंधनकारक म्हणून लिहिलेला नसला, तरी वाचणारा तोच अर्थ घेतो आणि बढतीच्या मुलाखतीतही तोच घेतला जातो. शिवाय वैद्यकीय जर्नलांच्या संदर्भसूचीत साधारणपणे पहिली सहा नावं छापतात आणि पुढे 'व इतर'. आमच्या यादीत ज्याने प्रश्न शोधला तो सातवा होता. म्हणजे हा पेपर पुढे कितीही जणांनी उद्धृत केला, तरी अशा सूचीत त्याचं नाव कधीच दिसलं नसतं. सहावा आणि सातवा यांत फक्त एका जागेचा फरक नसतो, हे क्रम लावताना लक्षात घ्या.

गुण देऊन क्रम लावायच्या पद्धती आहेत: कल्पनेला इतके, डेटाला इतके, लेखनाला इतके. आकडे हेच माझं काम असल्याने या पद्धती मी वापरून पाहिल्या. गुणांची बेरीज करणं सोपं आहे. कल्पनेला तीस आणि वर्षभराच्या रुग्णनोंदणीला वीस हे कुणी आणि कशावरून ठरवलं, याचं उत्तर बेरजेत नसतं. बेरजेमुळे वाद मिटल्यासारखा वाटतो, पण तो फक्त गुणांच्या तक्त्यात सरकलेला असतो. मी त्याऐवजी सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येक नावाबद्दल एकच गोष्ट विचारते: ही व्यक्ती नसती तर या पेपरचं काय झालं असतं? उत्तरं साधारण चार प्रकारची येतात. पेपर झालाच नसता. निष्कर्ष वेगळा निघाला असता. दोन महिने उशीर झाला असता. काहीच फरक पडला नसता.

आमच्या पेपरला हा प्रश्न लावला तेव्हा खोलीत बराच वेळ शांतता होती, मग उत्तरं भराभर आली. भूलशास्त्राचा रेसिडेंट नसता तर प्रश्नच उभा राहिला नसता. अस्थिरोगाची रेसिडेंट नसती तर चार महिन्यांच्या नोंदी कपाटात पडून राहिल्या असत्या. सिस्टर नसती तर चुकीचा निष्कर्ष छापला गेला असता. सर्जन दुसरे असते तरी पेपर तोच झाला असता; त्यांनी रुग्णांवर उत्तम उपचार केले, पण ते उपचार अभ्यास नसता तरी झालेच असते. भूलशास्त्राचे विभागप्रमुख म्हणाले, "मी फक्त परवानगीच्या कागदावर सही केली होती," आणि स्वतःहून यादीतून बाहेर पडले. अस्थिरोगाच्या विभागप्रमुखांबद्दल माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं की त्यांचं नाव मानापुरतं आहे. प्रत्यक्षात आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांचं विश्लेषण वेगळं करायला हवं हा आग्रह प्रोटोकॉलच्या बैठकीत त्यांनीच धरला होता, आणि चर्चेच्या भागावर त्यांनी हाताने लिहिलेले तीन पानी शेरे रेसिडेंटच्या फाइलमध्ये होते. ते लेखक होतेच. पद मोठं आहे म्हणून नाव घालणं जसं चूक, तसं पद मोठं आहे म्हणून नाव संशयास्पद धरणंही चूक. दोन्ही वेळा कामाचा कागद पाहायचं राहून जातं.

शेवटी सात नावं राहिली. अस्थिरोगाची रेसिडेंट आणि भूलशास्त्राचा रेसिडेंट पहिल्या दोन जागी, समान योगदानाच्या खुणेसह. तिसरी सिस्टर, चौथी मी, मग अस्थिरोगाचे गाइड, त्यांचे विभागप्रमुख, आणि शेवटी भूलशास्त्रातले गाइड. ब्लॉक देण्याची पद्धत त्यांनी बसवली होती आणि पुढेही शंकांना उत्तरं तेच देणार होते, म्हणून कॉरस्पॉन्डिंग ऑथरही तेच. समान योगदानाची खूण हा अर्धाच उपाय आहे, हे मी त्या दोघांनाही सांगितलं. खूण पेपरच्या पहिल्या पानावर राहते. बाहेर उल्लेख होताना पहिलं नाव आणि 'व इतर' एवढंच येतं. म्हणून दोघांपैकी आधी कोण, हे वेगळं ठरवावं लागलं. मसुदा तिने लिहिला होता आणि रिव्ह्यूअरच्या एकोणीस शेऱ्यांना उत्तरं ती देणार होती, म्हणून आधी ती, हे त्यानेच फोनवर सुचवलं. चौथ्या आणि पाचव्या जागेवर आम्ही वेळ घालवला नाही. मधल्या जागांतला फरक कुणी वाचत नाही, तिथे आडनावाचं अक्षर लावलं तरी चालतं.

हे सगळं रिव्हिजनच्या टप्प्यावर केल्यामुळे किती अवघड झालं तेही ऐका. पेपर पाठवल्यानंतर यादी बदलायची तर जर्नल कारण विचारतं, आणि सर्व लेखकांच्या सह्या मागतं. ज्याचं नाव घालायचं त्याची आणि ज्याचं काढायचं त्याचीही. एका सर्जनांनी लगेच सही दिली. दुसऱ्यांची सही मिळायला तीन आठवडे लागले. ते म्हणत होते, "पेशंट माझे होते." त्यांचं दुखणं खरं होतं, कारण पेपर जाताना त्यांना लेखक म्हणून कळवलं गेलं होतं आणि आता हात काढून घेतला जात होता. हीच गोष्ट त्यांना दीड वर्ष आधी सांगितली असती तर ती एका वाक्यात संपली असती, किंवा ते म्हणाले असते, "मग मला काम द्या," आणि त्यांनी ते केलंही असतं.

विभागप्रमुखांना इथे वेगळी विनंती आहे. मानाचं नाव निरुपद्रवी वाटतं, पण त्याची किंमत नाव देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यालाच मोजावी लागू शकते. १९९४ साली लंडनमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने, माल्कम पिअर्सने, गर्भाशयाबाहेरचा गर्भ आत रोपून बाळ जन्मल्याचा दावा छापला. तसा रुग्णच नव्हता. त्या लेखावर सहलेखक म्हणून जेफ्री चेंबरलेन यांचं नाव होतं. ते त्याच विभागाचे प्रमुख होते, ज्या जर्नलमध्ये लेख आला त्याचे संपादक होते आणि प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्षही. बनावटपणात त्यांचा हात नव्हता. विभागप्रमुख म्हणून नाव घातलं गेलं होतं. तरी त्यांना अध्यक्षपद आणि संपादकपद सोडावं लागलं, आणि पिअर्सचं नाव पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. ज्या पेपरची मूळ नोंदवही आपण उघडून पाहिलेली नाही, त्यावर आपलं नाव असेल तर नकार द्यायची सवय विभागप्रमुखांनी स्वतःपासून सुरू केली, तर खालच्यांना नाही म्हणायची वेळच येणार नाही. 'नाव नको' असं रेसिडेंट कधीच म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता.

आता समितीने काय करावं ते सांगते. प्रोटोकॉल मंजुरीला येतो तेव्हा त्याच्यासोबत एक पान मागा. त्यावर प्रत्येकाचं नाव, तो करणार असलेलं काम, तात्पुरती जागा, आणि मधेच कुणी सोडून गेलं तर काय करायचं, एवढंच असावं. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण रुग्णालयात रेसिडेंट जाणारच असतात. आमच्या प्रकरणात त्या पानावर एवढं जरी असतं की 'प्रोटोकॉल लिहिणारा प्रशिक्षण संपवून गेला तरी त्याला मसुदा पाठवला जाईल आणि पहिल्या दोन जागांसाठी त्याचा विचार होईल,' तरी त्याला सातवी जागा मिळाली नसती. त्याचा नवा ईमेल कुणाकडे नव्हता, हेच त्याच्या सातव्या जागेचं खरं कारण होतं.

हे पान दगडावरची रेघ नाही. दोनदा ते पुन्हा उघडायचं: डेटा गोळा करून झाला की विश्लेषणाआधी, आणि पेपर पाठवण्याआधी. पहिली वेळ का, तर तोवर कामं बदललेली असतात पण निकाल कुणालाच माहीत नसतो. निकाल चांगला आला आणि मोठं जर्नल नजरेत आलं की यादी वाढते, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की विश्लेषणाची फाइल उघडण्याआधी हल्ली मी स्वतःच यादी मागून घेते. दुसऱ्या वेळी मसुदा पहिली अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पाठवायचा आणि वाचायला निदान चौदा दिवस द्यायचे. गेलेल्यांनाही पाठवायचा, आणि पाठवल्याची तारीख त्या पानावर लिहायची. कुणी उत्तर दिलं नाही, तर त्याने संधी घेतली नाही असं तेव्हा म्हणता येईल. आज म्हणता येत नाही.

क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी तुम्हाला माहीत असेल. कल्पना, पद्धत, डेटाची निगा, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख वगैरे. २०२२ साली तिला अमेरिकी राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि अनेक जर्नलं ती भरायला लावतात. ती उपयोगी आहे, पण तिच्याकडून तिच्या आवाक्याबाहेरचं मागू नका. ती लेखक ठरवत नाही आणि क्रमही लावत नाही. ती पेपर पाठवताना एकट्याने आठवून भरली, तर 'लेखन: तपासणी व संपादन' या भूमिकेपुढे सगळ्यांची नावं लागतात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तीच यादी वर सांगितलेल्या पानावर सुरुवातीपासून भरत गेलात तर खरी राहते.

जे लेखक ठरत नाहीत त्यांचं काय? नुसता निधी मिळवणं, विभागावर सर्वसाधारण देखरेख करणं, प्रशासकीय मदत, भाषा तपासणं, यांपैकी एकट्या कामाने कुणी लेखक होत नाही. पण म्हणून त्यांना 'स्टाफचे आभार' या ओळीत विरघळवायचं कारण नाही. आमच्या पेपरच्या आभारांत चौदा सिस्टरांची नावं आली, त्यांनी कोणतं काम केलं त्यासह, आणि नाव छापायला प्रत्येकीची लेखी परवानगी घेऊन. फॉर्म संगणकात भरणाऱ्या मुलाचं नाव आलं. दोन्ही सर्जनांचं आणि भूलशास्त्राच्या विभागप्रमुखांचंही आलं. अभ्यास मोठा आणि अनेक केंद्रांचा असेल, तर गटाच्या नावाखाली सहयोगी म्हणून व्यक्तींची नावं देता येतात. जर्नलने ती नीट छापली तर पबमेडमध्ये सहयोगी म्हणून त्यांची नोंद होते आणि नावाने शोधताही येते. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी नावांचं स्पेलिंग विचारत फिरावं लागतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत या महिन्यात पाठवलेला कोणताही एक पेपर मागवा, आणि यादीतल्या प्रत्येकाला मसुदा कोणत्या तारखेला पाठवला हे कॉरस्पॉन्डिंग ऑथरला विचारा. मग त्या वॉर्डात किंवा लॅबमध्ये जाऊन विचारा की या अभ्यासाचा डेटा कुणी गोळा केला, आणि त्यांना मसुदा कोणत्या तारखेला पाठवला.

आपली,
रुग्णालयातील एक संख्याशास्त्रज्ञ